माणकाचं सर्टिफिकेट: सर्वात खालची ओळ आधी वाचा

महाराजांनी सहा रत्तीचं माणिक सांगितलं, नग पसंत पडला आणि सोबत लॅबचं कार्डही मिळालं. कार्डावर वर ठळक अक्षरांत 'नॅचरल रुबी' दिसलं की बहुतेक गिऱ्हाईक कार्ड घडी घालून खिशात ठेवतात. खरं तर किंमत ठरते ती खाली बारीक टायपात छापलेल्या 'कमेंट्स' किंवा 'ट्रीटमेंट' या ओळीवर. 'नॅचरल' म्हणजे दगड खाणीतून आला, कारखान्यात तयार झाला नाही, एवढंच. खाणीतून आल्यावर त्याचं काय काय केलं, ते खालची ओळ सांगते.

एक उदाहरण धरू. कार्डावर वजन ५.४६ कॅरेट, स्पीशीज 'नॅचरल कोरंडम', व्हरायटी 'रुबी', वक्रीभवनांक १.७६२ ते १.७७०. कोरंडम म्हणजे माणिक ज्या खनिजाचं असतं ते. त्यासाठी हा आकडा बरोबर आहे, म्हणजे तो रंगीत काचेचा खडा नाही. आता वजन ताडून बघा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा आमच्या काट्यावर हा नग १.०९ ग्रॅम भरायला हवा. रत्तीबाबत मात्र आधी विचारून घ्या. खड्यांच्या बाजारातली रत्ती साधारण ०.९१ कॅरेटची असते, म्हणून हा नग सहा रत्तीचा. सोनं तोलायची जुनी रत्ती ०.१२ ग्रॅमच्या आसपास आहे. त्या हिशेबाने हाच नग नऊ रत्तींचा होतो. भाव कॅरेटवरच ठरवलेला बरा.

आता ती खालची ओळ. तिच्यात तीनपैकी एक मजकूर असतो.

'नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' म्हणजे तापवल्याची खूण नाही. असं चांगल्या रंगाचं, स्वच्छ माणिक फार कमी मिळतं आणि सगळ्यात महाग असतं. मोठ्या रकमेचा व्यवहार याच ओळीवर होणार असेल, तर छोट्या कार्डावर भागवू नका, नामांकित लॅबचा पूर्ण रिपोर्ट मागा.

'इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' म्हणजे नग भट्टीत तापवला आहे. तापमान शेकडो अंशांपासून १८०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. आतले सुईसारखे तंतू विरघळतात, निळसर झाक कमी होते, लाली खुलते. हा बदल कायमचा आहे, नगाला पुढे त्रास होत नाही. बाजारातलं बहुतेक माणिक असंच असतं, त्यामुळे हे वाचून दचकू नका. भाव न तापवलेल्यापेक्षा कमी, एवढाच फरक.

तिसरा मजकूर 'लेड ग्लास फिल्ड', 'फ्रॅक्चर फिल्ड' किंवा 'कॉम्पोझिट' असा असतो. त्रास होतो तो इथेच. तडे गेलेला, जवळजवळ अपारदर्शक दगड घेऊन त्याच्या भेगांत शिशाची काच वितळवून भरतात. काचेचा वक्रीभवनांक माणकाच्या जवळ आणलेला असल्याने भेगा दिसेनाशा होतात आणि भुरकट दगड लखलखीत होतो. असा माल २००४ च्या सुमारास बाजारात आला. वजनात काचही धरली जाते, म्हणजे काच तुम्ही माणकाच्या भावाने घेता. उदाहरणातला नग ४,००० रुपये रत्तीने २४,००० ला सांगितला, पण तो काच भरलेला निघाला आणि त्याचा भाव ५०० रुपये कॅरेट धरला, तर हिशेब २,७३० रुपयांचा. स्वच्छ, नुसतं तापवलेलं, याच आकाराचं माणिक मात्र कॅरेटला कितीतरी हजारांत जातं. म्हणून भाव फारच स्वस्त वाटला की आधी काचेचीच शंका घ्यावी.

काच भरलेली ओळखायची तर दहा पट भिंग डोळ्याला लावा आणि नग दिव्याखाली हळूहळू हलवा. भेगेत एका कोनात निळी चमक उठून लगेच विझते, आणि चपटे गोल बुडबुडे दिसतात. आमच्याकडे भिंग आहे, दाखवू.

असा नग टिकतही नाही. अंगठीची नखं टाकायला सोनाराने फुंकणीची ज्योत जवळ नेली की काच वितळून बाहेर येते. तेजाबात उजाळा दिला, किंवा घरी चांदीसोबत लिंबू-चिंचेने घासला, तरी काच खाल्ली जाते आणि पांढरट रेघा उमटतात. त्या परत जात नाहीत. तापवलेल्या नगाला हे काही होत नाही.

पन्नाचं गणित वेगळं. पन्नात भेगा असतातच आणि त्यांत तेल भरणं बाजाराने मान्य केलेलं आहे. तिथे 'मायनर', 'मॉडरेट', 'सिग्निफिकंट' यांतलं काय लिहिलंय ते बघा. भरणी जितकी जास्त, भाव तितका कमी. गरम पाणी आणि मशीनची धुलाई टाळा.

कार्डावर ट्रीटमेंटची ओळच नसेल, तर 'ट्रीटमेंट नाही' असा अर्थ काढू नका, तपासलंच नसेल. रिपोर्ट नंबर लॅबच्या साइटवर स्वतः टाकून पाहा, कार्डावरचा क्यूआर स्कॅन करून समाधान मानू नका, कारण तो कुठेही नेऊ शकतो. आणि तपासणी अंगठीत बसवण्याआधीच करून घ्या: बसवलेल्या नगाचं नेमकं वजन लॅबला घेता येत नाही, खालचा भागही नीट दिसत नाही.