६६ आणि ६७ च्या मधले महिने

ब्रिटनमध्ये सरकारी पेन्शनचे वय सध्या ६६ वरून ६७ कडे सरकते आहे. २०२६ ते २०२८ दरम्यान हा बदल पूर्ण होईल.

ब्रिटनची सरकारी पेन्शन म्हणजे आपण साठवलेली रक्कम नव्हे. आजच्या नोकरदारांच्या पगारातून नॅशनल इन्शुरन्सचा हप्ता कापला जातो आणि त्यातूनच आजच्या ज्येष्ठांना पेन्शन मिळते. माणसे जास्त जगू लागली आणि मुले कमी झाली, की घेणारे वाढतात आणि देणारे त्या प्रमाणात वाढत नाहीत. मग सरकारपुढे तीनच वाटा उरतात: हप्ता वाढवा, पेन्शन कमी करा किंवा वय पुढे ढकला. तिसरी वाट तिजोरीला दोन्हीकडून सोयीची पडते. पेन्शन वर्षभर उशिरा सुरू होते, शिवाय या वयानंतर पगारातून हप्ता कापत नसल्यामुळे, नोकरीत टिकलेल्यांकडून आणखी एक वर्ष हप्ता मिळतो. पण टिकणे सगळ्यांना जमत नाही. अंगमेहनतीने पासष्टीच्या आतच शरीर थकलेल्या माणसासाठी ते बिनपगारी वर्ष ठरते. हा भार सारखा वाटला जात नाही, हे मला या धोरणाचे सर्वांत मोठे वैगुण्य वाटते.

आपले वय शोधायचे ते जन्मतारखेवरून. ६ ऑक्टोबर १९५४ ते ५ एप्रिल १९६० दरम्यान जन्मलेल्या व्यक्तीचे वय ६६ च. ६ एप्रिल ते ५ मे १९६० मधल्यांना ६६ वर्षे १ महिना, ६ मे ते ५ जूनमधल्यांना ६६ वर्षे २ महिने, असा दर टप्प्याला एक महिना वाढतो. ६ मार्च १९६१ पासून पुढे पूर्ण ६७. ६ एप्रिल १९७७ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी वय टप्प्याटप्प्याने ६८ पर्यंत नेण्याची तरतूदही कायद्यात आहे.

समजा, एका बाईंचा जन्म २० ऑगस्ट १९६० चा आहे. ६ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर हा पाचवा टप्पा, म्हणून ६६ वर्षे ५ महिने. २० ऑगस्ट २०२६ ला ६६ पूर्ण होतील आणि हक्काची तारीख येईल २० जानेवारी २०२७. नोकरी त्याआधी सोडली तरी सरकारी पेन्शन लवकर मिळत नाही. कंपनीच्या पेन्शनचे वय मात्र वेगळे असते; दोन्ही एकच समजून घरखर्चाचा हिशेब मांडला, तर मधले महिने कोरडे जातात.

१९५० च्या दशकात जन्मलेल्या अनेक स्त्रियांचे असेच हाल झाले. त्यांचे वय ६० वरून वाढवणारा कायदा १९९५ चा, २०११ मध्ये वेग आणखी वाढवला गेला. पण अनेकींना हे फार उशिरा कळले. म्हणून ऐकीव माहितीवर न थांबता gov.uk वर जन्मतारीख टाकून तारीख पाहावी. सोबत हप्त्यांची वर्षेही तपासावीत: नव्या पेन्शनसाठी साधारणपणे किमान १० वर्षे लागतात. वय झाले तरी पेन्शन आपोआप सुरू होत नाही, अर्ज करावा लागतो. आणि निवृत्तीनंतर पुण्या-मुंबईत परतणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: भारतात राहणाऱ्यांना या पेन्शनमधली दरवर्षीची वाढ मिळत नाही.