रिपोर्टवर ‘बेनाइन’ आहे, पण कशाबद्दल?

बायॉप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घरातलं कुणीतरी आधी शेवटची ओळ शोधतं. तिथे ‘बेनाइन’ दिसलं की फोन सुरू होतात: “साधी गाठ आहे, कॅन्सर नाही.” हा दिलासा बहुतेक वेळा खराच असतो. तरीही त्या एका शब्दात काय सांगितलं आहे आणि काय सांगितलेलं नाही, हे कळायला हवं. स्तनातल्या गाठीच्या बाबतीत ते फार स्वच्छ दिसतं, म्हणून तेच उदाहरण घेतो.

स्तनातल्या दुधाच्या नळीला आतून पेशींचे दोन थर असतात आणि त्यांच्या बाहेर एक अतिशय पातळ पडदा असतो, त्याला आधारपटल म्हणतात. कॅन्सरच्या पेशी हा पडदा फोडून आजूबाजूच्या भागात घुसतात आणि तिथून रक्तात किंवा लसिकावाहिन्यांत शिरू शकतात. पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर हेच पाहतो: दोन्ही थर जागेवर आहेत का, पेशींची केंद्रकं सारख्या आकाराची आहेत का, पडद्याबाहेर कुणी गेलंय का. सगळं ठीक दिसलं तर तो ‘बेनाइन’ लिहितो. पेशी बिघडल्या आहेत पण अजून नळीतच आहेत, अशी एक मधली अवस्था असते. तिला बेनाइन म्हणत नाहीत, तिचं वेगळं निदान होतं आणि उपचारही होतात.

म्हणजे हा शब्द पेशींच्या वागण्याबद्दल आहे. आणि तोही फक्त त्या पेशींच्या, ज्या काचेवर आल्या.

आता एक काल्पनिक रुग्ण घेऊ. ४८ वर्षांची बाई, डाव्या स्तनात दोन सेंटिमीटरची टणक गाठ. मॅमोग्राफीत गाठीच्या कडा गुळगुळीत नाहीत, काटे फुटल्यासारख्या आहेत. रेडिओलॉजिस्टने ‘बायरॅड्स ५’ असा शेरा दिला आहे, म्हणजे चित्रावरून कॅन्सरची शक्यता ९५ टक्क्यांहून जास्त. सोनोग्राफीत बघत १४ गेजच्या सुईने पाच तुकडे काढले जातात. चार-पाच दिवसांनी रिपोर्ट येतो: ‘फायब्रोसिस्टिक बदल, बेनाइन, कॅन्सरचा पुरावा नाही.’

इथे थोडा हिशेब करू. दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोल गाठीचं वजन साधारण चार ग्रॅम भरेल. या सुईचा एक तुकडा १५ ते २० मिलिग्रॅमचा, म्हणजे पाचही मिळून जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅम. गाठीचा जेमतेम चाळिसावा भाग. तो मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून त्याचे सुमारे चार मायक्रॉन जाडीचे काप करतात. दीड मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून असे तीनशेच्या वर काप निघू शकतात, पण तपासले जातात मोजकेच. हे ऐकून घाबरायचं कारण नाही. गाठ आतून सगळीकडे सारखी असेल आणि सुई तिच्या मध्यात गेली असेल तर एवढं पुरतं. पण सुई गाठीच्या शेजारून गेली असेल तर पॅथॉलॉजिस्ट त्याला मिळालेल्या तुकड्याबद्दल अगदी खरं लिहितो आणि गाठीबद्दल मात्र काहीच कळलेलं नसतं.

हे ओळखायचं कसं? चित्र आणि तुकडा यांचा मेळ बसतो का ते पाहून. फायब्रोसिस्टिक बदल म्हणजे वयानुसार आणि हार्मोनमुळे होणारी पाणी भरलेल्या छोट्या पोकळ्यांची आणि तंतूंची वाढ. ती अनेक बायकांच्या स्तनात असतेच. पण तिच्यामुळे काटेरी कडांची टणक गाठ तयार होत नाही. म्हणजे रिपोर्टने गाठीचं कारण सांगितलेलंच नाही. अशा वेळी ‘बेनाइन आलं, सहा महिन्यांनी या’ हे उत्तर मला घातक वाटतं. पुन्हा बायॉप्सी करायची किंवा गाठ काढून पूर्ण तपासायची, हाच मार्ग. याउलट तिशीतल्या मुलीची गुळगुळीत, बोटाखाली सरकणारी गाठ आणि रिपोर्ट ‘फायब्रोॲडिनोमा’, म्हणजे तरुण वयातली साधी, निरुपद्रवी गाठ, असा असेल तर मेळ बसला. तिथे निश्चिंत होता येतं.

काटेरी गाठ आणि तरीही कॅन्सर नाही, असंही घडतं. जुन्या माराच्या किंवा ऑपरेशनच्या जागी चरबी मरून गाठ होते. आपल्याकडे आणखी एक कारण लक्षात ठेवावं लागतं: स्तनाचा क्षयरोग. स्लाइडवर ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहक पेशींचे गोळे दिसतात. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही, शब्दशः सगळं ‘बेनाइन’. पण क्षयाचे जंतू आहेत का हे तपासलं नाही आणि ते असताना सहा महिन्यांची औषधं दिली नाहीत, तर गाठ फुटते, पू वाहत राहतो.

दुसरा मुद्दा भविष्याचा. बेनाइन या एका शब्दाखाली बरीच वेगवेगळी निदानं येतात आणि त्यांचं पुढचं आयुष्य सारखं नसतं. अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डुपाँट आणि पेज यांनी दहा हजारांहून जास्त जुन्या बेनाइन बायॉप्सी पुन्हा पाहिल्या आणि त्यांतल्या तीन हजारांवर बायकांचं पुढे काय झालं ते शोधलं. १९८५ साली प्रसिद्ध झालेलं त्यांचं निरीक्षण आजही वापरात आहे. ज्यांच्या नळ्यांतल्या पेशी वाढलेल्याच नव्हत्या त्यांना पुढे स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका इतरांइतकाच होता. पेशी वाढलेल्या पण दिसायला नेहमीसारख्या, तिथे धोका दीड ते दोन पट. आणि पेशींची वाढही होती व ठेवणही बिघडलेली होती, म्हणजे ‘एटिपिकल हायपरप्लेसिया’, तिथे सुमारे चार पट. मेयो क्लिनिकने नंतर केलेल्या दीर्घ पाठपुराव्यात या शेवटच्या गटातल्या साधारण ३० टक्के जणींना २५ वर्षांत स्तनाचा कॅन्सर झालेला आढळला. आणि तो त्याच स्तनात व्हायचा असं नाही, दुसऱ्यातही होतो. आकडे अमेरिकेतल्या बायकांचे आहेत, ते जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत, पण क्रम तोच धरला जातो.

या निदानात मापाचीही एक अडचण आहे. नळीतल्या बिघडलेल्या पेशींचा पट्टा दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ‘एटिपिकल’, जास्त असेल तर नळीतला कॅन्सर, म्हणजे वर सांगितलेली मधली अवस्था, अशी एक प्रचलित रेषा आहे. सुईच्या तुकड्यात पट्ट्याचं टोकच आलं असेल तर तो पुढे किती पसरलाय हे कसं कळणार? म्हणून सुईच्या बायॉप्सीत हे निदान आलं की बहुतेक सर्जन तो भाग काढून पूर्ण तपासायला सांगतात. अशा शंभर जणींत साधारण दहा ते तीस जणींच्या काढलेल्या भागात कॅन्सर सापडतो.

तेव्हा रिपोर्टमधल्या शेवटच्या ओळीच्या वरच्या ओळी वाचून घ्याव्यात. निदानाचं नाव काय आहे? ‘एटिपिया’ हा शब्द कुठे आहे का? मॅमोग्राफीच्या फिल्म सर्जनसमोर ठेवून सरळ विचारावं, “या रिपोर्टने ही गाठ का झाली ते कळतं का?” उत्तर समाधानकारक नसेल तर नवीन सुई टोचण्याआधीही एक गोष्ट करता येते. मेणाचे ब्लॉक लॅबमध्ये वर्षानुवर्षं जपून ठेवलेले असतात. ते आणि स्लाइड रुग्णाला मागून घेता येतात आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे नेऊन त्याच तुकड्याचे आणखी खोलवरचे काप तपासून घेता येतात.