ओळंबा आणि पाणसळ

भिंत उभी सरळ आहे का हे ओळंब्याने आणि थर आडवा सपाट आहे का हे पाणसळीने पाहतात. इंदूरच्या कामांवर ओळंब्याला साहुल आणि थराला रद्दा म्हणतात. मराठी घरातला गवंडीसुद्धा कामावर हेच शब्द वापरतो. ओळंब्याचे भाग तीनच: दोरी, खाली जड गोळा आणि वर त्याच्याच जाडीची ठोकळी. ठोकळी भिंतीला टेकवली की खाली गोळा भिंतीला जेमतेम शिवला पाहिजे. मध्ये फट राहिली तर भिंतीचा माथा बाहेर झुकलाय. गोळा भिंतीवर रेलला तर माथा आत गेलाय.

डोळा कुठे फसतो हे राजवाड्याजवळच्या एखाद्या बोळात कळते. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि उथळ पायाची जुनी घरे हळूहळू कलतात. समजा, अशा कललेल्या घराला लागून एक शिकाऊ पोरगा कोपरा चढवतोय. बारा रद्दे झालेत आणि शेजारच्या कडेशी कोपरा अगदी जुळलेला दिसतोय. म्हातारा गवंडी ओळंबा सोडतो, तर खाली फट.

“उस्ताद, तुमचा साहुलच बिघडलाय,” पोरगा म्हणतो.

“असेल. बघून घेऊ.”

शंका रास्त आहे. झिजलेली ठोकळी खोटे सांगते. म्हणून म्हातारा भिंतीपासून दोरीचे अंतर मोजतो. माथ्याशी २० मिमी, पायाशी ३१. या मापात ठोकळीच्या झिजेचा संबंधच येत नाही. वाऱ्याने गोळा डोलतोय म्हणून तो पाण्याच्या बादलीत बुडवून, भिंतीला न टेकवता, पुन्हा मोजतात. आकडे तेच. सुमारे १.१ मीटर उंचीत ११ मिमीचा फरक. भारतीय मानकात एका मजल्यात दर ३ मीटरला ६ मिमीपर्यंतच सूट आहे.

“पण शेजारच्याशी जुळतंय ना!”

“तो वाकलाय, बाबा. त्याला बघून तू वाकलास.”

पाणसळीचीही अशीच परीक्षा असते. ती रद्द्यावर ठेवून बुडबुडा पाहायचा, मग टोके उलटी करून त्याच जागी ठेवायची. बुडबुडा भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर रद्दा चुकलाय. पाणसळीबरोबर तोही फिरला तर पाणसळ चुकली आहे. लांबच्या कोपऱ्यांसाठी पाण्याची नळी बरी, पण आत हवेचा फुगा अडकला किंवा एका तोंडावर अंगठा राहिला की तिचाही भरवसा नाही.

कोपऱ्याची चूक कोपऱ्यात थांबत नाही, कारण दोन कोपऱ्यांत सूत ताणून मधली भिंत भरतात. म्हणून पोरगा रद्दे उतरवायला लागतो. चौथ्याशी म्हातारा हात धरतो, ओळंबा लावतो. गोळा विटेला शिवतो. इथून वर पुन्हा. पोरगा विटांचा ओला मसाला थापीने खरवडतो आणि शेजारच्या घराकडे पाठ करून बसतो.