पार्श्वभूमी: ऐकलेला विनोद कुणाचा?

लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहातला नट जो मिलर 1738 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी जॉन मॉटली या लेखकाने 247 विनोद जमवून पुस्तक काढले आणि ते मिलरच्या नावावर खपवले. त्यातले मिलरचे असे जेमतेम दोनचारच. पण पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत गेल्या आणि इंग्रजीत शिळ्या विनोदाला ‘जो मिलर’ म्हणू लागले. बिचाऱ्याला श्रेय मिळाले तेही न केलेल्या विनोदांचे.

तेव्हा हे कुणाला खटकत नसे. अमेरिकेत वॉडव्हिल या गाणी-नकला-विनोदांच्या करमणूक कार्यक्रमांच्या रंगमंचावरही विनोदांचा साठा जवळजवळ सामाईक होता. सासू, दारुडा, कंजूष ही गिऱ्हाइके ठरलेली, आणि तोच विनोद कोण जास्त रंगवतो यावर नाव व्हायचे. विनोदवीर मिल्टन बर्लवर तर विनोद ढापण्याचा उघड आरोप होई आणि तो स्वतःच त्यावरून हशा मिळवायचा.

1950 नंतर चित्र पालटले. विनोदकार स्वतःच्या घरच्या, लग्नाच्या, भीतीच्या गोष्टी सांगू लागले. सासू कुणाचीही असू शकते, पण ‘माझी आई मला काय म्हणाली’ हे दुसऱ्याने सांगितले की उघड चोरी दिसते. मग स्टँडअपवाल्यांनी आपसात अलिखित नियम पाळायला सुरुवात केली. कल्पना एकाने दिली आणि पंचलाइन दुसऱ्याने सुचवली, तर विनोद कल्पना देणाऱ्याचा. पैसे देऊन विकत घेतला, तर घेणाऱ्याचा. लिहिणाऱ्याने ‘तो माझा’ असे बाहेर सांगायचे नाही. नियम मोडणाऱ्यासोबत कुणी एका कार्यक्रमात उभे राहत नाही, ही शिक्षा.

कोर्टात जाणे विरळा, कारण कायदा कल्पनेला नव्हे, मांडणीला संरक्षण देतो. 2015 चे प्रकरण पाहा. अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात सीहॉक्स संघ विजयाच्या उंबरठ्यावर असताना प्रशिक्षक पीट कॅरलचा डाव फसला आणि टॉम ब्रेडीचा संघ जिंकला. आपल्याला बक्षीस मिळालेला ट्रक सामना जिंकून देणाऱ्याला द्यायचाय, असे ब्रेडी म्हणाला. ॲलेक्स केसबर्ग या विनोदलेखकाने लिहिले: मग ट्रक कॅरलला! तोच विनोद कोनन ओब्रायनने आपल्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात सांगितला. केसबर्गने असे काही विनोद घेऊन दावा लावला. आम्हाला स्वतंत्रपणे सुचले, हा ओब्रायनच्या लेखकांचा बचाव, आणि तो हास्यास्पद नव्हता: बातमी एकच, त्यातला बळीचा बकराही एकच, मग तीच पंचलाइन दोघांना सुचू शकते. म्हणूनच न्यायाधीशांनी अशा विनोदांना फक्त ‘पातळ’ संरक्षण दिले. शब्दरचना जवळजवळ हुबेहूब असेल तरच नक्कल. 2019 मध्ये खटला प्रत्यक्ष चालण्याआधीच तडजोड झाली.

गप्पांतला शिष्टाचार मात्र अजून मिलरच्याच काळातला आहे. निनावी विनोदाला श्रेय कुणी मागत नाही. ‘माझ्याच बाबतीत घडलं’ अशी सुरुवात करून दुसऱ्याचा किस्सा सांगितला आणि तो माणूस समोरच बसलेला निघाला, की पंचाईत. आणि नाव घ्यायचेच तर हशा पिकल्यावर घ्यावे. आधी घेतले की ऐकणारे विनोद सोडून त्या माणसाची आठवण काढत बसतात.