सीएसव्ही फाइलींतील आरंभीचे शून्य : पिन कोड आणि दूरध्वनी क्रमांक

सीएसव्ही फाइल एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये उघडताच काही क्रमांकांच्या सुरुवातीचे शून्य नाहीसे होते. 07152 ने सुरू होणारा वर्ध्याचा दूरध्वनी क्रमांक 7152 ने सुरू होतो आणि फाइल तशीच सेव्ह केली की मूळ शून्य कायमचे जाते. सेतू केंद्रांत आणि तालुक्याच्या कार्यालयांत याला ‘एक्सेलनं झिरो खाल्ला’ म्हणतात. ते टाळायचे असेल तर काळजी मुख्यतः फाइल उघडताना घ्यावी लागते, कारण नुकसान तिथेच सुरू होते.

सीएसव्ही ही साधी मजकुराची फाइल असते. स्वल्पविरामाने वेगळे केलेले रकाने आणि ओळी, एवढेच तिच्यात असते. कोणता रकाना संख्येचा आणि कोणता मजकुराचा, हे सांगायची सोय तिच्यात नाही. त्यामुळे एक्सेल स्वतः अंदाज बांधते. सगळे अंकच दिसले की ती संख्या, असे ते ठरवते, आणि संख्येत सुरुवातीच्या शून्याला किंमत नसते. क्रमांक अवतरणचिन्हात घातला तरी एक्सेलचा अंदाज बदलत नाही. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे : शून्य फक्त उघडलेल्या पत्रकातून गेलेले असते, डिस्कवरच्या फाइलीत ते अजून जागेवर असते. काही सेव्ह न करता फाइल बंद केली, तर काहीच बिघडत नाही.

या विषयावरची बरीच माहिती अमेरिकेतल्या पत्त्यांवर बेतलेली असते. तिथे मॅसॅच्युसेट्स किंवा न्यू जर्सीचे टपाल क्रमांक शून्यानेच सुरू होतात. भारतात तसे नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिन कोड पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. तिच्यात पहिला अंक 1 ते 9 यांपैकीच असतो, आणि 9 लष्करी टपालासाठी राखलेला आहे. विदर्भाचे पिन 44 ने सुरू होतात : नागपूर 440001, वर्धा 442001, अकोला 444001, यवतमाळ 445001. म्हणजे गावाकडच्या यादीत पिनच्या रकान्यावरून शून्य गेल्याचा पत्ता लागत नाही. सहा अंक सहाच राहतात आणि सगळे ठाकठीक वाटते. पिन गळतो तो परदेशी पत्त्यांत. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा 01067 एक्सेलमध्ये 1067 होतो.

विदर्भात खरा घोळ होतो तो दूरध्वनी क्रमांकांत. नागपूरचा एसटीडी कोड 0712, अमरावतीचा 0721, अकोल्याचा 0724, यवतमाळचा 07232, चंद्रपूरचा 07172. सगळे 07 ने सुरू होतात. शून्य, कोड आणि ग्राहकाचा क्रमांक मिळून अकरा अंक होतात. शून्य गेले की उरतात दहा, आणि त्यातला पहिला 7. भारतातले मोबाइल क्रमांकही दहा अंकी असतात आणि 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतात. त्यामुळे विदर्भातला शून्य गमावलेला लँडलाइन क्रमांक हुबेहूब मोबाइलसारखा दिसतो. पुण्याच्या 020 किंवा मुंबईच्या 022 बाबत असे होत नाही. तिथे उरलेला क्रमांक 2 ने सुरू होतो आणि चूक नजरेत भरते. विदर्भात मात्र ‘दहा अंक आहेत का’ ही नेहमीची तपासणी तो क्रमांक बिनबोभाट पार करतो.

उदाहरण म्हणून कापूस खरेदीसाठी तयार केलेली पुढची यादी घेऊ. कोडनंतर शून्य असलेला ग्राहक क्रमांक प्रत्यक्षात नसतो, म्हणून इथले दूरध्वनी केवळ नमुन्याचे आहेत.

```
गाव,पिन,दूरध्वनी
वर्धा,442001,07152000123
हिंगणघाट,442301,07153000456
आर्वी,442201,07157000789
```

ही फाइल दोनदा क्लिक करून उघडली, एखाद्या गावाचे नाव दुरुस्त केले आणि सेव्ह केली की डिस्कवर हे उरते :

```
गाव,पिन,दूरध्वनी
वर्धा,442001,7152000123
हिंगणघाट,442301,7153000456
आर्वी,442201,7157000789
```

आता ही यादी एकगठ्ठा एसएमएस पाठवणाऱ्या यंत्रणेकडे गेली, तर ती बाजार समितीचा किंवा जिनिंगचा लँडलाइन मोबाइल समजून स्वीकारते. निरोप पोहोचतच नाही, किंवा तोच दहा अंकी क्रमांक कुणा भलत्याच्या मोबाइलचा असला तर त्याला जातो. उलट, जुन्या सवयीने मोबाइलच्या आधी कुणी शून्य लिहिले असेल, तर ते गेल्याने काही बिघडत नाही, झालाच तर फायदा होतो. त्यामुळे एकाच रकान्यात लँडलाइन आणि मोबाइल मिसळलेले असले की नुकसान किती झाले तेच कळेनासे होते. माझ्या मते हे दोन रकाने वेगळे ठेवणे हा निम्मा उपाय आहे.

उघडण्याची रीत. फाइलीवर दोनदा क्लिक करू नये. आधी एक्सेल उघडून कोरे पत्रक घ्यावे आणि `Data` मधून `From Text/CSV` निवडावे. पूर्वदृश्यात गावांची नावे चमत्कारिक चिन्हांत दिसत असतील, तर `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडले की देवनागरी सरळ होते. मग लगेच `Load` न दाबता `Transform Data` दाबावे. उजवीकडे `Applied Steps` ची यादी दिसते आणि तिच्यात शेवटी बहुधा `Changed Type` असते. शून्य खाणारी पायरी तीच. तिच्या बाजूच्या फुलीवर क्लिक केले की ती निघून जाते आणि दूरध्वनीच्या रकान्यात शून्य परत दिसू लागते. त्यानंतर `Close & Load`. पूर्वदृश्याच्या खिडकीत `Do not detect data types` हाही पर्याय असतो, पण तो निवडला की ‘गाव, पिन, दूरध्वनी’ ही शीर्षके साध्या ओळीसारखी खाली सरकतात आणि वर `Column1`, `Column2` येते. पुढे सेव्ह करताना ही फालतू ओळही फाइलीत जाते.

खेड्यापाड्यांतल्या केंद्रांवर अजूनही एक्सेल 2007 किंवा 2010 भेटते. तिथे `Data` मधल्या `From Text` ने तीन पायऱ्यांचा विझार्ड उघडतो. दुसऱ्या पायरीत `Comma` वर खूण करायची, आणि तिसऱ्या पायरीत दूरध्वनीचा रकाना निवडून `Text` वर टिंब द्यायचे. ही तिसरी पायरी वगळून थेट `Finish` दाबण्याची घाई बहुतेकांना होते आणि सगळी मेहनत वाया जाते. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये 2023 पासून `File`, `Options`, `Data` या वाटेने गेल्यावर `Remove leading zeros and convert to a number` ही खूण काढून टाकता येते. मग दोनदा क्लिक करूनही शून्य टिकते. मात्र हे त्या एका संगणकापुरतेच. तीच फाइल तालुक्याला पाठवली की तिथल्या संगणकावरची मांडणी लागू होते.

लिबरऑफिस कॅल्क या बाबतीत अधिक सरळ आहे. सीएसव्ही उघडताना ते आपणहून विचारते. खालच्या नमुन्यात रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून `Column type` मध्ये `Text` निवडले की झाले. गूगल शीट्समध्ये `File`, `Import` करून `Convert text to numbers, dates, and formulas` ही खूण काढावी.

सेव्ह करताना. रकाना मजकुराचा झाला असेल, तर सीएसव्हीत शून्य व्यवस्थित उतरते. गावांची नावे मराठीत असल्यास `CSV UTF-8 (Comma delimited)` हाच प्रकार निवडावा, नुसत्या `CSV` मध्ये देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. पण रकाना मजकुराचा होता ही माहिती सीएसव्हीत साठत नाही. त्यामुळे बरोबर सेव्ह केलेली फाइल खात्री करण्यासाठी पुन्हा दोनदा क्लिक करून उघडली की शून्य परत गायब दिसते आणि माणूस गोंधळतो. खात्री नोटपॅडमध्येच करावी. तिथे दिसते तेच फाइलीत असते. रोज हात लागणारी यादी `.xlsx` मध्ये ठेवावी आणि कुणाला द्यायची तेव्हाच तिची सीएसव्ही काढावी.

पत्रकात क्रमांक कोणत्या रूपात आहे हे त्याच्या बाजूवरून ओळखू येते. संख्या पेटीत उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. मजकूर असलेल्या अंकी क्रमांकाच्या कोपऱ्यात एक्सेल हिरवा त्रिकोण दाखवते. तो चुकीची खूण समजून `Convert to Number` दाबणारे बरेच असतात, आणि तिथे एवढ्या खटाटोपाने वाचवलेले शून्य पुन्हा जाते. तिथे `Ignore Error` दाबावे किंवा त्रिकोणाकडे लक्षच देऊ नये.

`+91` लावून क्रमांक लिहिला म्हणजे सुटलो, असेही नाही. एक्सेल अधिकचे चिन्ह टाकून देते आणि उरलेली बारा अंकी संख्या 9.17152E+11 अशी दाखवते. सीएसव्ही सेव्ह करताना एक्सेल पेटीत दिसते तेच लिहिते, म्हणून मागचे अंक खरोखरच जातात. त्यापेक्षा 07152-000123 असे मध्ये आडवी रेघ देऊन लिहिले, तर तो मजकूरच राहतो. जाता जाता, सात-बाराच्या यादीत गट क्रमांक 12/1 लिहिला असेल तर त्याची तारीख होते, आणि ते शून्य जाण्यापेक्षाही वाईट. त्यावरही इलाज हाच, रकाना मजकूर म्हणून उघडणे.

गेलेले शून्य परत आणणे. शून्य गेल्यानंतर रकान्याला `Text` हे स्वरूप दिल्याने काही परत येत नाही. रकान्यात केवळ लँडलाइन क्रमांक असल्याची खात्री असेल, तर बाजूच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र चालते :

```
=TEXT(C2,"00000000000")
```

हे अकरा अंक पुरे करते. निकाल कॉपी करून `Paste Special` मधल्या `Values` ने मूळ जागी चिकटवावा. मात्र रकान्यात मोबाइलही असले, तर हेच सूत्र त्यांनाही शून्य लावते आणि दहा अंक मागणारी यंत्रणा मग ते नाकारते. 7152 ने सुरू होणारी ओळ लँडलाइन आहे की मोबाइल हे निव्वळ अंकांवरून ठरत नाही. ती ओळ एखाद्या कार्यालयाची असेल आणि पिनही त्याच भागाचा असेल, तर लँडलाइन असण्याची शक्यता जास्त. पण व्यक्तीच्या नावापुढे असेल तर मूळ फाइल, नाहीतर अर्जाचा कागद शोधावा लागतो. बँक खात्यांचे तर याहून अवघड, कारण खाते क्रमांकाची लांबी बँकेगणिक बदलते आणि किती शून्ये लावायची हे कोणतेच सूत्र सांगू शकत नाही. शिवाय एक्सेल संख्येचे पहिले पंधराच अंक जपते. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून उघडला की त्याचा शेवटचा अंक शून्य होतो. तो क्रमांक पासबुकावरून पुन्हा टाइप करण्यावाचून गत्यंतर नसते.