मायग्रेनसाठी शांत खोली हवी आहे? रेक्टरना अर्ज देण्याआधी हे वाचा

कॉलेजच्या वसतिगृहाच्या समितीवर मी काही वर्षं काम करतोय. खोली बदलाचे वैद्यकीय अर्ज माझ्यासमोरून जातात आणि मायग्रेनचे अर्ज सगळ्यात जास्त परत जाताना दिसतात. मुलांचा त्रास खरा असतो, पण कागद चुकीचा लागलेला असतो.

पहिली अडचण कार्यालयच निर्माण करतं. खिडकीवर सांगतात, ‘दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणा.’ मुलं मग जिल्हा रुग्णालयाच्या चकरा मारतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. मायग्रेन त्यात नाही, त्यामुळे नुसत्या मायग्रेनवर हे प्रमाणपत्र मिळतच नाही. जो कागद कुणालाच मिळत नाही तो मागून मुलांचे दोन-तीन आठवडे घालवायचे, याचा मला राग येतो. शांतपणे सांगा, ‘मी दिव्यांग कोट्यातून मागत नाही, वैद्यकीय कारणावरून खोली बदलून मागतोय,’ आणि अर्जाच्या विषयातही ‘वैद्यकीय कारणास्तव’ हे शब्द घाला. आमच्याकडे नोटीस बोर्डावरची मुदत आपसातल्या अदलाबदलीसाठी असते, पण विषयात हे शब्द नसले की अर्ज त्याच गठ्ठ्यात जातो आणि ‘मुदत संपली’ असा शेरा पडतो.

दुसरी अडचण एमआरआयची. मुलं महागडी तपासणी करून ‘नॉर्मल’ रिपोर्ट जोडतात आणि तो बघून समितीतला कुणीतरी म्हणतो, ‘मग झालंय काय?’ मायग्रेन स्कॅनमध्ये दिसत नाही. डॉक्टर त्याचं निदान लक्षणं विचारून करतात; स्कॅन काढलाच तर दुसरं काही नाही ना, हे बघायला. तेव्हा केवळ अर्जासाठी तो काढू नका.

लागतात ते दोनच कागद. एक, नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, त्यावर तारीख, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. बहुतेकांकडे असतं ते ‘तीन दिवस विश्रांती’ असं लिहिलेलं रजेचं प्रमाणपत्र, आणि त्यावर खोली बदलत नाही. मायग्रेनचं निदान, किती दिवसांपासून उपचार चालू आहेत आणि आवाज व प्रखर उजेड टाळण्याचा सल्ला, या तीन गोष्टी त्यात लिहून घ्या. डॉक्टरांना आपणहून सांगावं लागतं, कारण खोलीसाठी हवंय हे त्यांना माहीत नसतं.

दुसरा कागद म्हणजे डोकेदुखीची नोंदवही. तारीख, किती वाजता सुरू झालं, किती तास टिकलं, उलटी झाली का, कोणती गोळी घेतली आणि त्या वेळी आजूबाजूला काय चालू होतं, एवढंच. औषध न घेतल्यास एक ॲटॅक ४ ते ७२ तास चालू शकतो, त्यामुळे ‘वारंवार डोकं दुखतं’ यापेक्षा तासांचा आकडा समितीला लगेच पटतो. या वहीत दुखणं थांबवायच्या गोळ्या महिन्यात दहा-दहा दिवस दिसत असतील, तर अर्ज बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. अति गोळ्यांनीही डोकं दुखतं.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा अर्ज असा परत गेला होता. ‘मला शांत खोली मिळावी,’ एवढंच तिनं लिहिलं होतं. शांत खोली अशी नोंद आमच्या रजिस्टरमध्ये नाही, आणि समितीनं ती स्वतंत्र खोली मागतेय असा अर्थ काढला. तिची खोली मेसला लागून होती आणि पहाटे पाचला पातेली घासायला सुरुवात व्हायची. आठ आठवड्यांच्या वहीत नऊ ॲटॅक होते, त्यातले सहा पहाटेचे. दुसऱ्यांदा तिनं असं लिहिलं:

‘विषय : वैद्यकीय कारणास्तव खोली बदलून मिळणेबाबत.

महोदया, मी खोली क्र. ७ मध्ये राहते. मला मायग्रेनचा त्रास असून गेल्या आठ आठवड्यांत नऊ वेळा ॲटॅक आला. त्या वेळी आवाज व उजेड सहन होत नाही. माझी खोली मेसलगत असल्याने पहाटे पाचपासून भांड्यांचा आवाज येतो. मेस व पाण्याच्या पंपापासून दूर असलेली दोन किंवा तीन खाटांची कोणतीही खोली मला चालेल. स्वतंत्र खोलीची मागणी नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र व नोंदवहीची प्रत सोबत जोडली आहे.’

मागच्या बाजूच्या एका तीन खाटांच्या खोलीत जागा होती, ती तिला मिळाली.

अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी ‘बघतो’ मिळालं की ती पोच घेऊन आठवड्यानं पुन्हा जा, आणि तरीही हललं नाही तर त्याच पोचेची प्रत जोडून प्राचार्यांना अर्ज द्या.