एफबीजी घ्यावं की साधा फायबर? एका पत्रामागची पार्श्वभूमी

जुलै संपत आला की नागपुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या मुलांची प्रकल्पासाठी धावपळ सुरू होते, आणि माझ्याकडे ठरावीक वळणाचं एक पत्र येतं. यंदाच्या पत्रातला मुद्द्याचा भाग असा होता:

‘आदरणीय सर, आम्हा चौघांना ऑप्टिकल फायबर सेन्सिंगवर प्रकल्प करायचा आहे. मेट्रोच्या खांबांवर एफबीजी सेन्सर बसवून स्ट्रेन मोजावा असा विचार आहे. नाहीतर माख-झेंडर इंटरफेरोमीटर. अगदीच जमलं नाही तर इंटेन्सिटीवर आधारित काहीतरी करू. आमच्याकडे आर्डुइनो आहे आणि मिळून बारा हजार रुपये जमतील. कोणता विषय घ्यावा, कृपया सांगावं.’

स्ट्रेन म्हणजे भाराखाली वस्तूची लांबी मूळ लांबीच्या मानाने किती बदलली ते. एफबीजी म्हणजे फायबर ब्रॅग ग्रेटिंग, फायबरच्या काचेत कोरलेली बारीक रेषांची जाळी. मुलाने तीन पर्याय प्रतिष्ठेच्या उतरत्या क्रमाने लिहिलेत, ‘अगदीच जमलं नाही तर’ हे शब्द त्याचीच खूण. गंमत म्हणजे इतिहासात ते नेमके उलट क्रमाने आले. आधी प्रकाश किती येतो हे मोजलं गेलं, मग त्याची कला म्हणजे फेज आणि शेवटी त्याची तरंगलांबी. प्रत्येक पायरीवर लोक पुढे का सरकले हे कळलं, की बारा हजारांत काय होईल याचं उत्तरही हाती येतं.

पहिली पायरी १९६०च्या दशकातली. दूरसंचाराला उपयोगी पडेल असा फायबर तेव्हा कुठेच नव्हता. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६मध्ये दाखवलं, की किलोमीटरमागे २० डेसिबलपेक्षा कमी प्रकाश गळणारी काच मिळाली तर फायबरमधून संदेश धाडता येतील. तशी काच अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने १९७०मध्ये बनवली. पण यंत्राचा एखादा भाग किती हलतोय हे हात न लावता बघायला हातभर फायबर पुरतो आणि तेवढ्या लांबीत गळतीचा प्रश्नच येत नाही. म्हणून फायबरच्या जुडग्यांतून प्रकाश पाठवून परावर्तित प्रकाश मोजणारे विस्थापन-सेन्सर त्या दशकातच वापरात आले. रचना अगदी साधी: एक फायबर प्रकाश सोडतो, शेजारचा परत आलेला प्रकाश गोळा करतो, समोर चकचकीत पृष्ठभाग. पृष्ठभाग हलला की गोळा होणारा प्रकाश बदलतो.

हीच रचना आज प्लास्टिक फायबरवर होते. असा फायबर नागपुरात बर्डीच्या बाजारात डिजिटल ऑडिओच्या केबलच्या रूपात मिळतो. टोश्लिंक नावाने ती केबल १९८३मध्ये बाजारात आली आणि तिच्यात साधारण एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा गाभा असतो. पोरं ती कापून दोन तुकडे शेजारी बांधतात, समोर आरसा धरतात आणि सांगतात, ‘सर, काहीच येत नाही.’ बहुतेक वेळा कारण काळं आवरण असतं. आवरणासकट फायबरचा व्यास २.२ मिलिमीटर असेल तर दोन गाभ्यांच्या मध्यांतलं अंतरही २.२ मिलिमीटर होतं. अशा फायबरमधून प्रकाश अक्षाच्या दोन्ही बाजूंना तीस अंशांच्या शंकूत पसरतो. हिशोब मांडला तर आरसा एक मिलिमीटरहून थोडा दूर गेल्याशिवाय शंकूची कड शेजारच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही. टोकाचं आवरण सोलून दोन्ही फायबर एकमेकांना टेकवले की ही आंधळी जागा जवळजवळ नाहीशी होते. मग आरसा मागे नेताना प्रकाश झपाट्याने वाढतो, मिलिमीटरभराच्या आसपास शिखर गाठतो आणि पुढे हळूहळू उतरतो. म्हणजे एकाच वाचनाला दोन अंतरं जुळू शकतात, त्यामुळे मोजणी चढावर करायची की उतारावर हे आधीच ठरवून आरसा त्या बाजूलाच ठेवावा लागतो.

या पद्धतीचं खरं दुखणं मात्र वेगळं होतं. परत आलेला प्रकाश कमी झाला तर आरसा हलला, दिवा मंदावला, जोड सैल झाला की फायबर कुठे वाकला, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही. दूरसंचारवाले वाकण्यामुळे होणारी गळती टाळायला धडपडत होते आणि सेन्सरवाले त्याच गळतीतून दाब आणि कंप मोजायला निघाले होते. पण जे मोजायचं ते आणि जे नको ते एकाच वाटेने आत येत होतं.

मग दुसरी पायरी. १९७६मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात वाली आणि शॉर्टहिल यांनी फायबरच्या वेटोळ्यातून दोन दिशांनी प्रकाश फिरवून परिवलन मोजायची वाट दाखवली, फायबर जायरोस्कोपचं मूळ ते. पुढच्याच वर्षी फायबरमधून पाण्यातला आवाज ऐकण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. इथे प्रकाश किती येतो याऐवजी त्याची फेज बघतात, त्यामुळे संवेदनक्षमता प्रचंड वाढते. नको तितकी वाढते. माख-झेंडर इंटरफेरोमीटरमध्ये प्रकाश दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणतात आणि फेजमधला फरक फ्रिंजा म्हणजे उजेड-अंधाराच्या पट्ट्यांवरून वाचतात. तो टेबलावर मांडून बघितलेल्याला माहीत असतं, की शेजारच्या खोलीत कूलर सुरू केला तरी फ्रिंजा नाचायला लागतात. शिवाय त्याला लागणारा एकपथी म्हणजे सिंगल-मोड फायबर जोडायला फ्यूजन स्प्लायसर, म्हणजे टोकं वितळवून जोडणारं यंत्र लागतं. मुलांच्या यादीतला हा पर्याय मी एवढ्यावरच खोडला.

तिसऱ्या पायरीवर जरा थांबायला हवं, कारण ‘एफबीजी’ हे अक्षरत्रय आज पोरांच्या तोंडी मंत्रासारखं असतं. शोध लागला तो अपघाताने. कॅनडात ओटावाच्या कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटरमध्ये १९७८मध्ये केनेथ हिल आणि त्यांचे सहकारी जर्मेनियम मिसळलेल्या फायबरमध्ये आर्गॉन लेसरचा निळा-हिरवा प्रकाश सोडत होते. काही मिनिटांत फायबरमधून उलटा येणारा प्रकाश वाढत गेला. झालं असं होतं, की फायबरच्या टोकावरून थोडा प्रकाश परत फिरत होता, जाणारा आणि येणारा प्रकाश मिळून स्थिर तरंग तयार होत होता, आणि जिथे प्रकाश तीव्र तिथे काचेचा अपवर्तनांक किंचित कायमचा बदलत होता. प्रकाशाने काचेत स्वतःचीच जाळी कोरली होती.

पण ती जाळी ज्या रंगाने कोरली गेली तोच रंग परत पाठवायची, आणि दूरसंचाराची सगळी सामग्री १५५० नॅनोमीटरच्या आसपासची. त्यामुळे हा शोध अकरा वर्षं बराचसा प्रयोगशाळेतच पडून राहिला. १९८९मध्ये अमेरिकेत मेल्ट्झ, मोरे आणि ग्लेन यांनी अतिनील प्रकाशाचे दोन झोत बाजूने फायबरवर टाकून जाळी कोरली. आता झोतांमधला कोन बदलला की जाळीच्या रेषांमधलं अंतर हवं तसं बदलत होतं. परत येणारी तरंगलांबी म्हणजे दोन गुणिले अपवर्तनांक गुणिले हे अंतर. १५५० नॅनोमीटर हवेत आणि अपवर्तनांक १.४४७ असेल, तर रेषा सुमारे ५३५.६ नॅनोमीटरवर कोराव्या लागतात. १९९३मध्ये फेज मास्क म्हणजे खाचा कोरलेली काचेची पट्टी वापरायची पद्धत आली आणि जाळ्या एकामागून एक सारख्या निघू लागल्या. त्याच वर्षी कॅल्गरीतल्या बेडिंग्टन ट्रेल पुलात अशा जाळ्या बसवल्या गेल्या.

पहिल्या पायरीवरचं दुखणं इथे बरं झालं. दिवा मंदावला तरी परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलत नाही. पण मोजायचं ते फार बारीक झालं. १५५० नॅनोमीटरला एका मायक्रोस्ट्रेनमागे, म्हणजे लांबी दहा लाखांत एका भागाने बदलली की, तरंगलांबी सुमारे १.२ पिकोमीटर सरकते, आणि एक अंश तापमानामागे सुमारे १०. वर्धा रोडवरच्या मेट्रोच्या दुमजली पुलाचं नाव मुलांनी पत्रात घेतलं नव्हतं, पण डोळ्यांसमोर तोच असणार. समजा पोलादाच्या तुळईवर भारामुळे २० मेगापास्कल ताण आला. पोलादाचा यंग गुणांक २०० गिगापास्कल, ताणाला त्याने भागलं की १०० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे १२० पिकोमीटर. नागपुरात सकाळी सात ते दुपारी दोन या वेळात पारा बारा अंश चढणं नेहमीचं. मोकळ्या जाळीला त्यानेही १२० पिकोमीटरच सरकायला होतं. तुळईला चिकटवलेल्या जाळीचं तर आणखी अवघड, कारण पोलाद काचेपेक्षा खूप जास्त प्रसरण पावतं आणि जाळीला सोबत ओढतं, त्यामुळे सरक दुपटीहून जास्त होते. उपाय आहे: त्याच पोलादाचा एक सुटा, भार नसलेला तुकडा शेजारी ठेवून त्यावर दुसरी जाळी चिकटवायची आणि वजाबाकी करायची. नुसती मोकळी जाळी शेजारी ठेवली तर काचेपुरतं तापमान वजा होतं, पोलादाचं प्रसरण राहूनच जातं.

आता बारा हजारांचं बघू. जाळी काही हजारांत मिळते. पिकोमीटर वाचणारं यंत्र, इंटरोगेटर, लाखांत जातं. पैसा फायबरला पडत नाही, वाचनाला पडतो. ज्या महाविद्यालयात इंटरोगेटर आहे तिथे एफबीजी जरूर करावं. इतरत्र पोरं जाळी विकत आणतात आणि अहवालात दुसऱ्या कोणाचा तरी आलेख लावतात.

म्हणून मी उत्तर लिहिलं ते पहिल्या पायरीबद्दल. विस्थापन-सेन्सर करा, पण ज्या दुखण्यामुळे लोक ती पायरी सोडून गेले तेच तुमच्या प्रकल्पाचा विषय करा. लाल एलईडीचा प्रकाश तापमानाच्या एका अंशामागे साधारण अर्धा ते एक टक्का घटतो. आरसा फेविक्विकने पक्का करा, हलणारं काहीही ठेवू नका, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत दर मिनिटाला वाचन घ्या. मधून मधून एलईडी बंद करून बघा. तेव्हाही आकडा येत असेल तर खिडकीचा उजेड आत शिरतोय, तो प्रत्येक वाचनातून वजा करा. मग एलईडीच्या अंगालाच दुसरा फोटोडायोड लावून दोन वाचनांचं गुणोत्तर घ्या.

तीन आठवड्यांनी आकडे आले. सकाळी आरशाकडून ६१२ आणि एलईडीजवळून ८००. दुपारी ५५७ आणि ७२८. नुसता पहिला आकडा बघितला तर प्रकाश नऊ टक्के घटलेला, म्हणजे पक्का केलेला आरसा काही शतांश मिलिमीटर हलल्यासारखा. गुणोत्तर दोन्ही वेळा ०.७६५. जोड सैल झाला किंवा फायबर वाकला तर मात्र हे गुणोत्तरही फसतं, कारण दुसरा फोटोडायोड फक्त दिव्याकडे बघतोय. त्यासाठी गोळा करणारे फायबर दोन घेऊन ते वेगवेगळ्या अंतरावर ठेवावे लागतात. त्यानेही दिवा आणि प्रकाश नेणारा फायबर यांच्यातले बदलच कटतात. दोन गोळा करणाऱ्यांपैकी एकच वाकला तर चूक उरतेच.

आकड्यांसोबत एक प्रश्नही होता: ‘सर, वाचन तापमानाबरोबर इतकं छान बदलतंय, तर हाच प्रकल्प तापमापक म्हणून दिला तर चालेल का?’

चालणार नाही, असं कळवलं. ते तापमान एलईडीचं आहे, फायबरने त्यात काहीच मोजलेलं नाही.